डब्यातला पावसाळा

मृग लागून चार दिवस झाले की मुंबई-कोकणातल्या स्वयंपाकघरात पहिली वर्दी मीठ देते. काल बरणीत खडखडणारे मीठ आज ओलसर लागते, परवा त्याचा गोळा होतो आणि तेरवा बरणीच्या तळाशी पाणी दिसते. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ त्या हवेतले पाणी ओढून घेते आणि त्यातच विरघळू लागते. जाड्या मिठात मॅग्नेशियमचे क्षार असतात, त्यामुळे ते जरा आधीच पाझरते. एवढा फरक सोडला तर मिठाची बरणी हे घरातले बिनखर्चाचे आर्द्रतामापक आहे.

धान्य साठवणाऱ्याला हा ७५ चा आकडा फार उपयोगी पडतो. तांदूळ ७५ टक्के आर्द्रतेच्या हवेत उघडा ठेवला तर हळूहळू पाणी ओढत त्याचा ओलावा १४ टक्क्यांच्या आसपास जाऊन थांबतो. बाजारातला चांगला तांदूळ साधारण १२ ते १४ टक्क्यांचाच असतो, म्हणजे तोवर फारसे बिघडत नाही. पण जुलैत कोकणपट्टीतली हवा आठवडेच्या आठवडे ८५ टक्क्यांच्या पुढे असते. त्या हवेत उघडा राहिलेला तांदूळ सोळा-सतरा टक्क्यांवर जातो. मग बुरशीला हवे तेवढे पाणी दाण्यातच मिळते आणि किड्यांची वाढ झपाट्याने होते. ओल आणि कीड ही दोन संकटे वेगळी मानली जातात, पण ती एकमेकांच्या आधाराने वाढतात. ओलसर दाणा मऊ पडतो आणि किड्याला पोखरायला सोपा जातो. किडे वाढले की त्यांच्या श्वासातून वाफ आणि ऊब सुटते आणि आजूबाजूचे दाणे आणखी ओलावतात. किडलेल्या पिशवीत हात घातला की आतले धान्य कोमट लागते, ते यामुळेच.

किडे येतात कुठून, याबद्दल मात्र बहुतेक घरांत गैरसमज असतो. खिडकीतून, कपाटाच्या फटीतून, शेजारच्या डब्यातून असे तर्क चालतात. शेजारचा डबा कधी कधी खरोखरच दोषी असतो. पण पावसाळ्यात डब्यात दिसणारी कीड बहुतेक वेळा दुकानातून पिशवीबरोबरच घरी आलेली असते, फक्त तेव्हा ती डोळ्यांना दिसत नसते.

तांदळातला सोंड्या घ्या. कोणी त्याला टोका म्हणते, कोणी पोरकिडा. जेमतेम तीन मिलिमीटरचा, तपकिरी-काळा, पुढे लांब सोंड, आणि भिंगातून पाहिले तर पाठीवर चार फिकट तांबूस ठिपके. याची मादी सोंडेने दाण्याला बारीक भोक पाडते, त्यात एक अंडे घालते आणि वरून चिकट लुकणाने भोक बुजवून टाकते. दाणा बाहेरून अगदी धड दिसतो. अळी आतच जन्मते, आतला गर खात मोठी होते, आतच कोषात जाते आणि पुरा वाढलेला किडा दाणा फोडून बाहेर येतो. पावसाळी उकाड्यात याला सुमारे पाच आठवडे लागतात. एक मादी आयुष्यात दोन-तीनशे अंडी घालू शकते. मे महिन्याच्या शेवटी आणलेला तांदूळ तुम्ही सुपात पाखडला, निवडला, चाळला आणि एकही किडा सापडला नाही, तरी जुलैच्या पहिल्या आठवड्यात किडे दिसू शकतात. निवडण्यात कसूर झालेली नसते. चाळणीला दाण्याच्या आतले दिसत नाही, एवढेच.

कडधान्यातला भुंगेरा जरा उघडपणे वागतो. तो चवळी, मूग, मटकी, हरभरा, वाल यांच्या सालीवरच अंडी चिकटवतो. चवळीचा एक दाणा उजेडात धरून पाहा. सालीवर खसखशीहूनही लहान पांढरा ठिपका दिसला तर ते भुंगेऱ्याचे अंडे. ठिपका पारदर्शक, चकचकीत असेल तर ते अजून उबलेले नाही. दुधाळ पांढरा असेल तर अळी सालीतून थेट आत शिरलेली आहे आणि तिने मागे टाकलेल्या भुग्याने ते टरफल भरलेले आहे. पुढे आत कोष तयार झाला की सालीवर एक गोल, अंधूक खिडकी दिसू लागते आणि काही दिवसांनी तीच खिडकी ढकलून भुंगेरा बाहेर पडतो. सारा खेळ तीन-चार आठवड्यांचा. बाहेर आलेला भुंगेरा साठवणीतले काही खातही नाही. दहा-बारा दिवस जगतो, ऐंशी-शंभर अंडी घालतो आणि मरतो. याची लागण बहुतेकदा शेतातच, शेंगा वाळत असताना होते. म्हणजे शेतकऱ्याच्या घरचे, बिनऔषधाचे, विश्वासाचे कडधान्य आणले तरी त्याच्याबरोबर भुंगेरा येऊ शकतो. किंबहुना तेव्हा तो येण्याची शक्यता अधिक.

डाळीला हा भुंगेरा सहसा लागत नाही, हे अनेक गृहिणींच्या लक्षात आलेले असते. त्याला अंडी घालायला अख्ख्या दाण्याची गोल, गुळगुळीत साल आवडते. म्हणून आगोटीची खरेदी करताना अख्खे मूग आणि चवळी बेताने, आणि मूगडाळ, तूरडाळ सढळ हाताने, असा हिशेब ठेवला तर निम्मी चिंता तिथेच मिटते.

तिसरा मानकरी पिठातला तांबडा भुंगेरा. अख्खा दाणा फोडण्याची ताकद याच्यात नाही. त्याला पीठ, रवा, कणी, फुटके दाणे लागतात. त्यामुळे त्याचे खरे माहेर गिरणी. जात्याच्या कडांना, पीठ पडते त्या कापडी नळीत, खालच्या पत्र्याच्या कोपऱ्यात जुने पीठ साचलेले असते आणि तिथे त्याची वस्ती असते. दळण घालायला गेलात की आधीच्या गिऱ्हाइकाचे चार मुठी पीठ तुमच्या डब्यात येते, हे सगळ्यांना माहीत आहे. आपण भांडतो ते बाजरीत ज्वारी मिसळली म्हणून. त्या चार मुठींबरोबर अंडीही आली असतील, हे मनात येत नाही. ही अंडी चिकट असतात, पीठ लागून पिठासारखीच दिसतात आणि साध्या चाळणीतून खाली पडतात. वस्ती फार वाढली की पिठाला एक उग्र, औषधासारखा वास येतो आणि रंग किंचित गुलाबीकडे झुकतो. किड्याच्या अंगातून सुटणाऱ्या द्रव्यांचा तो परिणाम असतो आणि असे पीठ चाळून वापरण्याच्या लायकीचे राहत नाही.

एवढे कळले की साठवणीचा क्रम आपोआप ठरतो. धान्य कोरडे करायचे, आत जे काही दडले आहे ते मारायचे, आणि मग डबा बंद करायचा. आपण बहुधा पहिल्या दोन पायऱ्या गाळून थेट चांगल्या झाकणाचा डबा विकत आणतो. ओलसर, अंडी असलेले धान्य उत्तम डब्यात भरले तर आतली ओल आणि कीड दोन्ही आतच सुखरूप राहतात.

धान्य पुरेसे कोरडे आहे की नाही, हे ओळखण्याची एक जुनी, खात्रीची युक्ती आहे. तीही मिठाचीच. काचेची स्वच्छ, पूर्ण सुकलेली बाटली घ्यावी. तव्यावर गरम करून कोरडे केलेले आणि गार झालेले बारीक मीठ त्यात दोन-तीन चमचे टाकावे, वर एकतृतीयांश बाटली भरेल इतके धान्य घालावे, झाकण लावून मिनिटभर हलवावे आणि पंधरा मिनिटे ठेवून द्यावे. मीठ काचेला आतून चिकटून राहिले तर धान्यात १५ टक्क्यांहून अधिक ओल आहे, ते साठवू नये. मीठ सुटून तळाशी पडले तर निदान बुरशीची धास्ती नाही. दाताखाली दाणा कट्कन तुटतो का चेपतो, ही आज्यांची परीक्षाही खोटी नाही, पण तिला सरावाची जीभ आणि शाबूत दात दोन्ही लागतात.

आता एक घर डोळ्यांपुढे आणू. चिपळूणसारख्या गावातले, जिथे चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. माणसे चार. मे अखेरीस त्यांनी तीस किलो तांदूळ, दोन-दोन किलो चवळी, मूग आणि कडवे वाल, पाच किलो तूरडाळ आणि वीस किलो गहू भरला आहे.

कडधान्यापासून सुरुवात करावी, कारण त्यातला भुंगेरा सर्वांत घाईचा आहे आणि त्याच्यावर उपायही सर्वांत चांगला लागू पडतो. मे महिन्याचे ऊन अजून हाताशी असेल तर गच्चीवर काळे प्लास्टिक अंथरावे, त्यावर चवळी दोन बोटे जाडीच्या थरात पसरावी आणि वर पारदर्शक प्लास्टिक घालून कडा दगडांनी दाबाव्यात. उघड्या उन्हापेक्षा या दोन थरांमध्ये तापमान पुष्कळ चढते. सुमारे ५७ अंश तापमान तासभर टिकले तर चवळीतली अंडी, अळ्या, कोष, भुंगेरे सगळे मरतात. दुपारी अकरा ते तीन असे ठेवले तर हे सहज साधते. नुसते चादरीवर उन्हात टाकले तर मोठे भुंगेरे उठून सावलीत निघून जातात आणि आतल्या अळ्या टिकून राहतात. ‘दोनदा ऊन दिले तरी कीड लागलीच’ ही तक्रार तिथून येते. संध्याकाळी धान्य पूर्ण गार होऊ द्यावे आणि दमट हवा सुटण्याच्या आत डब्यात भरावे. पेरायचे बियाणे मात्र असे तापवू नये.

हीच रीत तांदळाला लावायची नाही. तांदूळ कडक उन्हात झपाट्याने सुकला की त्याला आतून बारीक तडे जातात, आणि असा सुकलेला तांदूळ पुन्हा दमट हवेत आला की तडे वाढतात. शिजवताना त्याची कणी होते. म्हणून जुन्या घरांत तांदूळ माजघरात किंवा ओटीवर सावलीत पसरत. त्याहून चांगला मार्ग म्हणजे भाताच्या रूपातच साठवण करणे. तुसाच्या आत असलेल्या दाण्याला सोंड्या सहजी भोक पाडू शकत नाही. ज्यांची शेती आहे ती घरे भात कणगीत ठेवतात आणि लागेल तसे गिरणीतून सडून आणतात, ते या दृष्टीनेही शहाणपणाचे आहे. आपल्या चिपळूणच्या घराने तांदूळच आणला आहे, त्यामुळे त्यांना थंडीचा आधार घ्यावा लागेल.

फ्रीजचा बर्फाचा कप्पा उणे १५ ते उणे १८ अंशांवर चालत असेल तर तीन-चार दिवसांत सोंड्याच्या सर्व अवस्था मरतात. पण दोन किलोच्या पिशवीच्या मध्यभागी ती थंडी पोहोचायलाच दिवसभर जातो, म्हणून आठवडा धरावा. तीस किलो एकदम मावणार नाही. चार-चार किलो, आठवड्याला एक फेरी, असे करत गेले तर सगळा तांदूळ संपवायला जवळपास दोन महिने लागतील आणि शेवटच्या पिशवीत तोवर कीड पडलेली असेल. म्हणून शेवटी वापरायचा तांदूळ आधी गोठवावा आणि बंद करून मागे ठेवावा. जूनमध्ये खायचा तांदूळ गोठवण्याची गरजच नाही. त्यातले किडे दाण्याबाहेर पडायच्या आत तो पोटात गेलेला असतो. सगळ्या पिशव्यांना सारखी वागणूक द्यायची नसते, हे कळले की काम निम्मे होते.

गोठवलेली पिशवी बाहेर काढल्यावर लगेच उघडायची नाही. थंड दाण्यांवर दमट हवा आली की क्षणात त्यांच्यावर दव धरते, आणि मग किडे मारून आपणच बुरशीची सोय केली असे होते. पिशवी बंदच ठेवून चार-पाच तासांत, मोठी असेल तर रात्रभरात, तिला खोलीच्या तापमानाला येऊ द्यावे. बाहेरून पुसावे. मग उघडावे. नुसत्या फ्रीजमध्ये, चार-पाच अंशांवर, कीड लवकर मरत नाही, पण तिची वाढ थांबते. रवा, बेसन, बाजरीचे पीठ थोडे असेल तर तिथे खुशाल ठेवावे, घट्ट डब्यात.

भरायचे कशात, याचा विचार आता. घरातले स्टीलचे डबे दिसायला घट्ट असतात, पण त्यांच्या झाकणाच्या कडेतून दोन-तीन मिलिमीटरचा भुंगेरा आरामात ये-जा करतो. पातळ प्लास्टिकची पिशवी सोंड्या कुरतडून पार करतो. साठवणीच्या मोठ्या वाट्याला खाद्यपदार्थांसाठीचे, फिरकीच्या झाकणाचे पाच लिटरचे कॅन उत्तम. एकात चार किलो तांदूळ बसतो, म्हणजे तीस किलोला आठ कॅन. कडधान्याला शीतपेयाच्या दोन लिटरच्या रिकाम्या बाटल्याही चालतात. त्यांचे झाकण वायूचा दाब पेलण्यासाठीच बनलेले असते. बाटली धुवावी आणि आत एकही थेंब राहणार नाही अशी दोन दिवस उलटी वाळवावी. भरताना मात्र गळ्यापर्यंत, ठोकून ठोकून, गच्च भरावी.

गच्च भरण्याला कारण आहे. आत जितकी हवा कमी तितका प्राणवायू कमी. एखादी अळी वाचलीच तर ती आणि धान्य मिळून तो हळूहळू संपवतात. प्राणवायू पाचएक टक्क्यांच्या खाली गेला की कीड खाणे थांबवते. यातली गंमत अशी की बरेचसे किडे गुदमरून मरण्याआधी तहानेने मरतात. कोरड्या धान्यात प्यायला पाणी नसते. अन्नाचे ज्वलन होताना शरीरात तयार होणारे पाणी हाच त्यांचा आधार असतो आणि ज्वलनाला प्राणवायू लागतो. १९८०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठातल्या संशोधकांनी कॅमेरूनमधल्या शेतकऱ्यांच्या चवळीसाठी याच तत्त्वावर तीन थरांची पिशवी तयार करायला सुरुवात केली. आत जाड प्लास्टिकच्या दोन पिशव्या, बाहेर विणलेले पोते, आणि औषध काहीच नाही. त्या चवळीला लागणारा भुंगेरा आपल्या चवळीतलाच. आपल्याकडे देशावर जमिनीतली पेवे याच तत्त्वावर चालत. सांगलीजवळच्या हरिपूरला हळदीची पेवे प्रसिद्ध होती. पेव उघडल्यावर लगेच आत उतरू नये, हा नियम तिथल्या लहान पोरालाही ठाऊक असे, कारण आत श्वासाला हवाच नसे. कोकणात पेव शक्य नाही, दोन हात खणले की पाणी लागते. तिथे बाटलीच बरी.

या पद्धतीची मर्यादा अशी की बाटली रोज उघडली तर सगळे मुसळ केरात. म्हणून दोन जागा हव्यात. साठवणीचा कॅन, जो एकदाच उघडायचा, आणि रोजचा डबा, ज्यात आठ-दहा दिवसांपुरतेच धान्य असेल. रोजचा डबा रिकामा झाला की वरून नवे ओतायचे नाही. तळाच्या कडेला साचलेल्या भुश्श्यात जुनी वस्ती असते. डबा धुऊन, गॅसजवळ किंवा उन्हात कडकडीत वाळवून मगच भरायचा. धुतलेला डबा ओला असताना पुसून भरला तर त्यापेक्षा न धुतलेला बरा.

आणि आता पीठ, ज्याच्या बाबतीत सर्वांत जास्त हळहळ होते. पावसाळ्यात डबा उघडताना ओल आत जाते म्हणून लोक डबा भरभर बंद करतात. एकदा हिशेब करून पाहू. दहा लिटरचा डबा अर्धा रिकामा आहे, म्हणजे आत पाच लिटर हवा. तीस अंश तापमानाला आणि ८५ टक्के आर्द्रतेला एवढ्या हवेत मिळून दोन-तीन थेंब पाणी असते. उलट पाच किलो पिठाची ओल १२ वरून १४ टक्क्यांवर जायला शंभर ग्रॅमहून जास्त पाणी लागते. म्हणजे डबा शेकडो वेळा उघडावा लागेल. पीठ ओलावते ते दुसऱ्याच वाटांनी. सैल झाकणातून दिवसरात्र हवा जात राहते ती एक. कणीक भिजवताना ओल्या हाताने किंवा ओल्या वाटीने पीठ काढले जाते ती दुसरी. ते पाणी सगळ्या पिठात पसरत नाही, एका जागी गुठळी होते आणि बुरशी तिथूनच सुरू होते. तिसरी वाट सर्वांत लपलेली आहे, ती म्हणजे गरम दळण.

गिरणीतून आलेले पीठ हाताला चांगले ऊन लागते. डबा घरी आणून तसाच झाकण लावून ठेवला की पिठातली वाफ वर येते, थंड झाकणावर आणि डब्याच्या भिंतींवर पाणी होऊन बसते आणि कडेच्या पिठाच्या गुठळ्या होतात. दुसऱ्या दिवशी झाकणाला आतून पिठाचा चिकट थर दिसतो, तो हाच. दळण आणल्याबरोबर परातीत किंवा स्वच्छ कागदावर पसरून, वर पातळ कापड घालून, पंख्याखाली तास-दीड तास गार करावे. पूर्ण गार झाले की भरावे. रात्रभर मात्र उघडे ठेवू नये, कारण तेव्हा ते हवेतली ओल घ्यायला लागते. डबा थंड, ओल धरणाऱ्या बाहेरच्या भिंतीला टेकवून किंवा थेट फरशीवर ठेवू नये. लाकडी पाटावर, भिंतीपासून चार बोटे सोडून ठेवावा.

आपल्या चिपळूणच्या घराने गहू वीस किलो एकदम दळून आणू नये. पाच-पाच किलो, पंधरा दिवसांपुरते. गव्हाच्या पिठात कोंड्याबरोबर तेलाचा अंश असतो, तो पावसाळी हवेत खवट होतो. बाजरीची तर गोष्टच वेगळी. तिचे पीठ आठवड्याभरातच कडवट लागायला लागते आणि कितीही घट्ट डबा ते थांबवू शकत नाही. रवा आणल्या दिवशीच मंद आचेवर भाजून ठेवण्याची पद्धत घरोघरी आहे आणि तिच्यात सुधारण्यासारखे काही नाही. भाजण्याने अंडी मरतात आणि ओलही उडते. बेसन-रव्यात कधी बारीक रेशमी जाळी दिसते, दाणे एकमेकांना चिकटून लोंबतात. ती पतंगाच्या अळीची जाळी. तेव्हा चाळण्यात वेळ घालवू नये.

घरगुती उपायांपैकी कशाला किती मान द्यावा? अख्ख्या कडधान्याला तेलाचा हात हा खरा, तपासलेला उपाय आहे. किलोला एक चहाचा चमचा एरंडेल किंवा कोणतेही खाद्यतेल हातावर घेऊन दाणे चोळावेत, प्रत्येक दाणा चकाकला पाहिजे. भुंगेऱ्याचे अंडे सालीवर उघडे असते, तेलाने त्याचा श्वास कोंडतो. तांदळाला एरंडेल लावण्याची चाल आपल्याकडे आहे. त्याने मोठ्या किड्यांना त्रास होतो, पण सोंड्याचे अंडे दाण्याच्या आत बुजवलेले असल्यामुळे तिथे तेवढा गुण येत नाही. लाकडाची बारीक चाळलेली, कोरडी राख कुळीथ-वालात घालतात, तीही उपयोगी. मात्र दाण्यांमधल्या सगळ्या फटी भरतील इतकी हवी. राखेने किड्याच्या अंगावरचा मेणाचा थर खरवडला जातो आणि त्याला दाण्यादाण्यांतून हिंडता येत नाही. कडुनिंबाचा पाला, तमालपत्र, लवंगा, सुक्या मिरच्या यांच्या वासाने बाहेरचा किडा थोडा लांब राहील, दाण्यातली अळी मरणार नाही. आणि पाला ताजा घातला तर डब्यात पाणीच घातल्यासारखे आहे. तो सावलीत कुरकुरीत वाळवूनच घालावा.

दोन गोष्टींना मात्र घरात जागा नाही. बोरिक पावडर तांदळाला चोळण्याची सवय अजून टिकून आहे. धुतल्याने ती निघते, अशा समजुतीवर ती चालते. बोरिक आम्ल हे कीटकांचे विष आहे, अन्नात घालायचा पदार्थ नाही. पाऱ्याच्या गोळ्यांचेही तेच, कापडात बांधून ठेवल्या तरी. आणि धुरी देण्याच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या तर घरात आणणेच गुन्ह्यासारखे समजावे. हवेतल्या नुसत्या ओलीने त्यांतून फॉस्फीन वायू सुटतो, आणि दारे-खिडक्या लावून झोपलेल्या घरांत त्याने माणसे गेलेली आहेत. म्हणूनच त्या प्रशिक्षित, परवानाधारक लोकांनाच वापरता येतात.

इतके करूनही ऑगस्टमध्ये एखादा कॅन उघडल्यावर किडे दिसलेच, तर मूठभर धान्य पाण्यात टाकून पाहावे. पोखरलेले दाणे पोकळ असतात, ते तरंगतात. शंभरात दोन-चार वर आले तर धान्य वाचवण्याजोगे आहे. ताटात पसरून किडे निघून जाऊ द्यावेत, पाखडावे, मग आठवडाभर गोठवावे आणि आधी तेच संपवावे. असा तांदूळ धुऊन शिजवला तर त्याने कोणी आजारी पडत नाही. निम्मे दाणे तरंगू लागले, पीठ हाताला कोमट लागले किंवा उग्र वास आला तर टाकून द्यावे, आणि तेही घरातल्या कचऱ्याच्या डब्यात नाही, पिशवी घट्ट बांधून थेट बाहेर. हिरवट-काळी बुरशी दिसली, कुबट वास आला, तर तरंगण्याची परीक्षाही करू नये. काही बुरशा अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करतात. ते धुऊन जात नाही, उन्हाने जात नाही आणि कुकरच्या शिट्टीनेही जात नाही. बुरशीची गुठळी तेवढी काढून बाकीचे पीठ वापरण्याचा मोह पाच किलोच्या डब्यापुढे फार होतो, पण बुरशीचे तंतू गुठळीच्या पुष्कळ पलीकडे गेलेले असतात. तो डबा रिकामा करावा, उकळत्या पाण्याने धुवावा, आणि पुढचे दळण दोन किलोचेच आणावे.